एक घड्याळ, दोन फोन: सोमवारच्या आधी काय काय करून ठेवायचं

घरचा एक फोन, ऑफिसचा एक फोन, आणि मनगटावर घड्याळ एकच: ही यादी अशा वेळी ब्लूटूथ कॉलिंगवाल्या साध्या स्मार्टवॉचसाठी आहे. म्हणजे ज्यात स्पीकर आणि माईक आहे, स्वतःचं सिम नाही, आणि जे कंपनीच्या अ‍ॅपवर चालतं. अ‍ॅपल वॉच असेल तर दोन फोनांचा नाद सोडा. ते एका वेळी एकाच आयफोनला जोडलेलं राहतं आणि अनपेअर केलं की घड्याळ पुसलं जातं. अनपेअर करताना आयफोन बॅकअप घेतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ हे कोण करणार? गूगलच्या वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांचंही तसंच, एका वेळी एक फोन. २०२३ मध्ये आलेल्या वेअर ओएस ४ पासून घड्याळ रीसेट न करता नव्या फोनवर नेता येतं, पण ती सोय फोन बदलणाऱ्यांसाठी आहे, दोन फोन घेऊन फिरणाऱ्यांसाठी नाही.

साध्या घड्याळात मात्र एक फट आहे, आणि सगळी तयारी त्या फटीभोवतीच आहे. या घड्याळाची फोनशी जोडणी एक नसते, दोन असतात. एक डेटाची: पावलं, झोप, नोटिफिकेशन, हवामान. ही कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून, अ‍ॅपमार्फत चालते. दुसरी आवाजाची: ही गाडीतल्या हँड्सफ्रीसारखी जुन्या पद्धतीची ब्लूटूथ जोडणी असते आणि तिला अ‍ॅपची गरजच नसते. म्हणून फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच घड्याळाच्या बऱ्याचदा दोन ओळी दिसतात. नावं जवळपास सारखी, एखादीच्या शेपटीला काहीतरी जोडलेलं. अँड्रॉइडवर ओळखायची खूण: ओळीवर टॅप केल्यावर ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी बटणं दिसली तर ती आवाजाची ओळ. ही ओळ नीट बघून ठेवा. पुढे हिच्याबद्दल इतक्यांदा बोलणार आहे की कंटाळा येईल.

आधी ठरवा, कोणत्या फोनला काय द्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: डेटा घरच्या फोनला, आवाज ऑफिसच्या फोनला. पावलांचा आणि झोपेचा इतिहास तुमचा आहे, तो नोकरी बदलल्यावर परत करायच्या फोनवर कशाला? शिवाय ऑफिसच्या फोनवर अ‍ॅप टाकलं की ते नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ऑफिसचे मेसेज घड्याळ बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपच्या नजरेखालून जातात, आणि त्याचा जाब द्यायची वेळ आली तर तो तुम्हालाच द्यावा लागेल. आवाजाच्या जोडणीला अ‍ॅप लागत नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. कंपनीने फोनवर ब्लूटूथ पेअरिंगच बंद केलेलं असेल, तर हा बेत तिथेच संपला. हे पहिल्यांदा तपासा, बाकी सगळं नंतर.

आता मूळ गोष्ट. घरच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून आवाजाची ओळ काढून टाका. नुसतं ‘डिस्कनेक्ट’ नाही, ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’. अ‍ॅपमध्ये जाऊन कॉलिंग बंद केलं म्हणजे काम झालं असं समजू नका, कारण अ‍ॅपमधलं बटण बंद झालं तरी फोनच्या यादीतली ओळ तशीच पडून राहू शकते. डिस्कनेक्ट केलेली ओळ म्हणजे फोनच्या खिशात राहिलेली किल्ली. दुसऱ्या दिवशी ब्लूटूथ सुरू झालं की फोन आपणहून दार उघडतो.

गेल्या वेळी मी हीच ओळ विसरलो होतो. डेटा घरच्या फोनवर, आवाज ऑफिसच्या फोनवर, रात्री सगळं व्यवस्थित. सकाळी घरचा फोन आधी जागा झाला आणि त्याने आवाजाची जोडणी पकडून ठेवली. ऑफिसच्या फोनला ती मिळालीच नाही. मीटिंगमध्ये घरून फोन आला, मी फोन कानाला लावला तर शांतता. आवाज मनगटातून येत होता, आणि दुधाच्या पिशवीपासून पाहुण्यांच्या मुक्कामापर्यंत सगळं टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने ऐकलं. घड्याळाचा काही दोष नव्हता. फोनने कॉल उचलताना जोडलेला ब्लूटूथ स्पीकर पाहिला आणि आवाज तिकडे पाठवला. त्याचं काम त्याने केलं. तर, घरचा फोन, आवाजाची ओळ, फरगेट.

मग ऑफिसच्या फोनवर जा. घड्याळात कॉलिंग सुरू करा, ऑफिसच्या फोनच्या ब्लूटूथमध्ये नाव शोधा, पेअर करा. इथे फोन विचारतो, कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी द्यायची का? नाही म्हणा. कॉल आल्यावर नावाऐवजी नुसता नंबर दिसेल, चालतं. ग्राहकांची नावं मनगटावर साठवायची गरज नाही. पेअर झाल्यावर अँड्रॉइडवर त्याच ओळीत जाऊन ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा, नाहीतर ऑफिसच्या फोनवर लावलेला पहिला व्हिडिओ त्या किरट्या स्पीकरमधून किंचाळेल. इयरबड्स वापरत असाल तर कॉल लागल्यावर स्क्रीनवरचं आवाजाचं बटण दाबून आवाज कुठे जातोय ते बघायची सवय लावा. घड्याळ आणि इयरबड्स दोन्ही जोडलेले असताना फोन कोणाला निवडेल याचा भरवसा धरू नका.

ऑफिसच्या फोनवर घड्याळाचं अ‍ॅप टाकू नका. वर कारण सांगितलंच, पण अजून एक आहे. डेटाची जोडणी एका वेळी एकालाच मिळते, आणि ती एकदा जुळली की घड्याळ ‘मी इथे आहे’ असं सांगायचंच बऱ्याचदा थांबवतं. मग दुसऱ्या फोनवरचं अ‍ॅप शोधत बसतं आणि ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणतं. लोक घड्याळ रीसेट करतात आणि न सिंक झालेली पावलं घालवून बसतात. घड्याळ बिघडलेलं नसतं, पहिल्या फोनला जोडलेलं असतं. पहिल्याचं ब्लूटूथ बंद करून बघा, लगेच सापडेल.

आता एक गोष्ट, जी मलाही नंतर कळली. घड्याळात ‘आवडते कॉन्टॅक्ट’ असतात ना, ते घरच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून घड्याळात जातात. पण घड्याळावरून लावलेला कॉल आवाजाच्या जोडणीवरून जातो, म्हणजे ऑफिसच्या फोनमधून, ऑफिसच्या सिमवरून. मनगटावर घरच्या नावाला टॅप केलं की समोर तुमचा ऑफिसचा नंबर झळकणार, आणि ऑफिसच्या बिलात घरचा नंबर. म्हणून आवडत्यांची यादी रिकामी करा किंवा त्यात फक्त कामाची माणसं ठेवा. घड्याळात आणीबाणीच्या कॉलची सोय असेल तर तिथलीही नावं तपासा, तोही कॉल ऑफिसच्याच सिमवरून जाण्याची शक्यता धरा.

घरच्या फोनवर आलेला कॉल मात्र घड्याळावर दिसेल, कारण तो डेटाच्या जोडणीवरून नोटिफिकेशन म्हणून येतो. थरथर होईल, नाव दिसेल, कट करायचं बटण असेल. बोलायचं ते फोनवरच. म्हणजे नुसता नंबर दिसला तर बहुतेक ऑफिस, नाव दिसलं तर घर. कॉन्टॅक्ट द्यायला नाही म्हणण्याचा हा फुकटचा फायदा.

ऑफिसचे मेसेज आणि मेल मनगटावर येणार नाहीत. मला ते बरंच वाटतं. ज्यांना हवेच आहेत त्यांनी कंपनी परवानगी देत असेल तर ऑफिसचे मेसेज आणि मेल घरच्या फोनवर घ्यावेत. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या अ‍ॅपसाठीचा वेगळा कप्पा असेल, तर त्यातली नोटिफिकेशन बाहेरच्या अ‍ॅपला वाचू द्यायची की नाही हे कंपनीचा अ‍ॅडमिन ठरवू शकतो. त्याने बंद केलं असेल तर घड्याळात काहीही खटपट केली तरी ती येणार नाहीत.

रविवारीच चाचणी घ्या. तिसऱ्या फोनवरून आधी ऑफिसच्या नंबरला कॉल करा, घड्याळावर उचला, आवाज मनगटातून यायला हवा. मग घरच्या नंबरला कॉल करा आणि घरच्या फोनवरच उचला. आवाज फोनच्या स्पीकरमधूनच यायला हवा, मनगटातून नव्हे. मनगटातून आला तर ओळ अजून तिथेच आहे. आता खरी परीक्षा: दोन्ही फोनांचं ब्लूटूथ बंद करा, आधी घरच्या फोनचं सुरू करा, दोन मिनिटं थांबा, मग ऑफिसच्या फोनचं. सकाळी हेच होतं. एवढं करूनही ऑफिसच्या फोनवर आवाजाची ओळ ‘जोडलेली’ दिसली तरच काम झालं.

आणि तरीही सावध राहा. अ‍ॅप अपडेट झालं किंवा घड्याळ पुन्हा जुळलं की अ‍ॅप विचारतं, ‘ब्लूटूथ कॉलिंग सुरू करायचं का?’ घाईत ‘हो’ दाबलं की घरच्या फोनवर ती ओळ परत उगवते. नाही दाबा. अपडेटनंतर यादी एकदा बघा. पुन्हा सांगतो, घरच्या फोनची ब्लूटूथ यादी.

बाकी किरकोळ. घरच्या फोनवर अ‍ॅपला बॅटरीची बंधनं घालू नका, नाहीतर ते पार्श्वभूमीत मरतं. चार्जिंग थोडं जास्त वेळा लागेल. ऑफिस सुटलं की घड्याळावरच कॉलिंग बंद करा, फोनला हात लावायची गरज नाही. सुट्टीसाठी आवाज घरच्या फोनकडे नेत बसू नका, सोमवारी उलटं करायला विसराल.

ऑफिसचा फोन परत करताना: त्यातली घड्याळाची ओळ काढा, घड्याळातली कॉल हिस्टरी पुसा, आवडत्यांमधली कामाची नावं उडवा. मग हवं असेल तर घरच्या फोनला आवाज परत द्या.