ग्राहकाला जाणारा ईमेल यादीवर तपासताना

उत्तराचा सूर ‘बरा वाटतो’ म्हणून ईमेल पुढे पाठवला की तपासणी झालीच नाही असे समजा. निकषांच्या यादीतला प्रत्येक मुद्दा पूर्ण की अपूर्ण हे सांगावे आणि त्यासाठी ईमेलमधलेच शब्द पुराव्याला द्यावेत.

आधी यादी नीट करा. ‘सूर सौम्य व स्पष्ट असावा’ हा एक मुद्दा नाही, दोन आहेत. एक जमला आणि दुसरा हुकला तर काय लिहिणार? तो फोडा. ‘सौम्य’ म्हणजे काय यावरही दोघांचे जमत नाही, म्हणून डोळ्यांनी दिसेल असे काही लिहा: ‘दिलगिरीला अट नाही’, ‘ग्राहकावर दोष ठेवणारे वाक्य नाही’.

मग ग्राहकाचा मूळ ईमेल वाचा आणि त्यानंतरच उत्तर. समजा उत्तर असे आहे:

“नमस्कार, आपली तक्रार मिळाली. गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. तुम्ही खात्याचा तपशील चुकीचा भरल्यामुळे परतावा अडकला आहे. तपशील दुरुस्त करून पाठवा, रक्कम लवकरच जमा होईल.”

एक मुद्दा घेऊन संपूर्ण ईमेल वाचा, मग दुसरा घ्या. सगळे मुद्दे एकदम बघितले की पहिल्या वाक्याने झालेले मत बाकीच्यांवरही पसरते. निकाल असा येतो:

- दिलगिरीला अट नाही: अपूर्ण. “झाली असल्यास”
- दोष ठेवणारे वाक्य नाही: अपूर्ण. “तुम्ही… चुकीचा भरल्यामुळे”
- ग्राहकाने काय करायचे ते सांगितले आहे: पूर्ण. “तपशील दुरुस्त करून पाठवा”
- मुदत दिली आहे: अपूर्ण. “लवकरच”
- संबोधन एकसारखे आहे: अपूर्ण. “आपली”, पुढे “तुम्ही”

सगळ्यात जास्त वाद दुसऱ्या मुद्द्यावर होतो. ‘पण चूक ग्राहकाचीच होती ना?’ असेलही. इथे खरे-खोटे तपासायचे नसून मांडणी तपासायची आहे. ‘दिलेला खाते क्रमांक बँकेच्या नोंदीशी जुळत नाही’ म्हटले की माहिती तीच राहते आणि बोट कोणाकडे जात नाही. ‘नाही’ने संपणाऱ्या मुद्द्यांत आणखी एक गफलत होते, ती टाळायला लक्षात ठेवा: तसे वाक्य न सापडणे म्हणजे मुद्दा पूर्ण. तिथे उद्धृत करायला काही नसते, म्हणून ‘असे वाक्य आढळले नाही’ एवढे लिहा.

जो मुद्दा लागूच होत नाही त्यावर ‘पूर्ण’ मारू नका. नुसती पोच देणाऱ्या ईमेलमध्ये ग्राहकाने काही करायचे नसेल, तर ‘लागू नाही’ असे वेगळे लिहा.

दुरुस्त मसुदा परत आला की फक्त अपूर्ण मुद्दे न बघता सगळी यादी पुन्हा चालवा. या ईमेलमध्ये कोणीतरी मुदत घालताना ‘आपण तपशील पाठवल्यावर 3 दिवसांत’ असे लिहील. मुदतीचा मुद्दा पूर्ण होईल आणि नुकतेच सगळीकडे ‘तुम्ही’ केलेले संबोधन पुन्हा बिघडेल.