७८ अंशांची रेघ साइटवर आली, तर झोन कोणता?

सोलापूर जिल्हा अख्खा यूटीएमच्या 43 झोनमध्ये येतो, त्यामुळे हा प्रश्न इथे पडत नाही. पण हैदराबाद रस्त्यावर सदाशिवपेठ ते संगारेड्डी असं काम मिळालं, की मधेच 78 अंश रेखांश ओलांडावा लागतो आणि पलीकडे 44 झोन सुरू होतो.

अशा वेळी साइटचा मोठा भाग ज्या झोनमध्ये आहे, तोच सगळ्या कामाला ठेवा. सीमेपलीकडे पंधरा-वीस किलोमीटर गेलात तरी चालतं. फक्त तिथे नकाशावरचं अंतर जमिनीपेक्षा किलोमीटरमागे साधारण एक मीटर जास्त भरतं, म्हणून आखणीच्या वेळी स्केल फॅक्टर लावा.

खरा घोळ लॉगरमुळे होतो. यूटीएमवर ठेवला तर तो झोन आपोआप बदलतो. सीमेवर ईस्टिंग 8,18,000च्या आसपास असतं, ते पुढच्या पावलाला 1,82,000 होतं. ते पॉइंट तसेच 43 झोन म्हणून टाकले, तर थेट अरबी समुद्रात पडतात! म्हणून लॉगर अक्षांश-रेखांशावर, डब्ल्यूजीएस 84 मध्येच ठेवा. क्यूजीआयएसमध्ये लेअर `EPSG:4326` म्हणून उघडा आणि काम 43 झोनमध्ये ठेवलं असेल, तर Save Features As मधून `EPSG:32643` मध्ये नवी फाइल काढा.

नोंदी आधीच 44 झोनच्या असतील, तर तेवढ्या वेगळ्या करून `EPSG:32644` म्हणून उघडा आणि मग तसंच करा. Set Layer CRS ने आकडे बदलत नाहीत, नुसतं लेबल बदलतं.