कोव्ह लाइट आणि पेंडंट दिवे: रेंडरमध्ये छत पांढरे न पडता प्रकाशाचे थर कसे रचावेत

दिवाणखान्याच्या रेंडरमध्ये छताच्या कडेला लपवलेली एलईडी पट्टी आणि मध्यभागी लोंबणारे दिवे एकत्र लावले, की बहुतेक वेळा एकच तक्रार येते. पट्टीच्या वरचे छत पांढरेफटक होते, तिथली रंगछटा आणि उतार दोन्ही नाहीसे होतात आणि खोलीचा खालचा भाग मात्र अंधारातच राहतो. अशा वेळी हात पहिल्यांदा एक्स्पोजर कमी करण्याकडे जातो. पण त्याने छतासोबत सोफा, जमीन आणि भिंतीही तेवढ्याच काळवंडतात, कारण छत आणि खोली यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर तसेच राहते. ते गुणोत्तर मुख्यतः पट्टीच्या जागेवर आणि कोनावर ठरते, म्हणून दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करावी. पुढील पायऱ्या ब्लेंडरच्या 4.x आवृत्त्यांतील सायकल्स इंजिन धरून लिहिल्या आहेत. इतर इंजिनांत बटणांची नावे बदलतील, भूमिती बदलणार नाही.

उदाहरणासाठी 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोली घेऊ. चारही भिंतींलगत फॉल्स सीलिंगचा पट्टा आहे, त्याच्या आतल्या कडेला कोव्हची खाच आहे आणि मध्यभागी कापडी शेडचे तीन पेंडंट दिवे आहेत. कॅमेरा जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर आहे.

पायरी 1: दिवे लावण्यापूर्वी छत तपासा

छताच्या मटेरियलमध्ये Base Color पूर्ण पांढरा, म्हणजे 1.0, ठेवलेला असेल तर तो आधी 0.8 च्या आसपास आणावा. पूर्ण पांढरा पृष्ठभाग पडलेला सगळा प्रकाश परत फेकतो आणि असा रंग कोणत्याही खऱ्या भिंतीला नसतो. त्यानंतर Light Paths मधील Diffuse ची संख्या पाहावी. कोव्हचा उजेड खोलीत थेट येत नाही. तो छतावर आपटून, मग भिंतींवर आपटून खाली उतरतो. रेंडर लवकर व्हावे म्हणून ही संख्या 1 किंवा 2 केलेली असेल, तर खोली अंधारी दिसते, ती उजळवण्यासाठी पट्टीची शक्ती वाढवली जाते आणि छत जळते, म्हणजे पांढरेफटक पडते. ही संख्या किमान मूळच्या 4 वर ठेवावी. चमकणारे ठिपके घालवण्यासाठी Clamping मधील Indirect Light चे मूल्य फार खाली आणले असेल, तर त्यानेही परावर्तित उजेड कापला जातो, म्हणून तेही पाहून घ्यावे.

पायरी 2: पट्टी छतापासून दूर न्या आणि तिरकी करा

सर्वांत जास्त फरक याच पायरीने पडतो, म्हणून तिला वेळ द्यावा.

पट्टी लांबच लांब आहे आणि सरळ वर तोंड करून आहे असे मानले, तर छतावरच्या एखाद्या बिंदूला थेट मिळणारा उजेड पुढील सूत्राप्रमाणे बदलतो. यात h म्हणजे पट्टीपासून छतापर्यंतचे उभे अंतर आणि x म्हणजे पट्टीपासून त्या बिंदूचे आडवे अंतर.

```
E ∝ h² / (h² + x²)^1.5
```

पट्टी छताच्या 10 सेंटीमीटर खाली असेल, तर तिच्या बरोबर वरचा बिंदू 60 सेंटीमीटर आत असलेल्या बिंदूच्या सुमारे 225 पट उजळतो. छायाचित्रणाच्या भाषेत हा जवळजवळ आठ स्टॉपचा फरक आहे, कारण प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो. पट्टी 20 सेंटीमीटर खाली आणली, की हेच गुणोत्तर सुमारे 32 पटींवर, म्हणजे पाच स्टॉपवर येते. कडेचा सर्वोच्च उजेड निम्मा होतो आणि 60 सेंटीमीटर आतला उजेड साडेतीन पटींनी वाढतो, आणि हे सगळे शक्तीला हात न लावता घडते. परावर्तनामुळे प्रत्यक्ष रेंडरमधील दरी याहून उथळ असते, पण दिशा हीच राहते.

आता पट्टीचे तोंड सरळ वर न ठेवता खोलीच्या मध्याकडे 30 अंश कलवावे. 20 सेंटीमीटर अंतरावर याने आतल्या त्याच बिंदूला आणखी सुमारे 2.4 पट उजेड मिळतो, तर पट्टीच्या डोक्यावरचा उजेड साधारण 13 टक्क्यांनी घटतो. छतावर मऊ उतार हवा असेल तर हे दोन बदल जवळजवळ पुरेसे असतात.

खाचेच्या पुढच्या काठाची उंचीही मोजून ठरवावी. पट्टी काठापासून 10 सेंटीमीटर आत असेल आणि काठ पट्टीपेक्षा 3 सेंटीमीटर वर आला असेल, तर पट्टीपासून 67 सेंटीमीटरवर थेट उजेड अचानक तुटतो आणि छतावर सरळ रेघ उमटते. पट्टी अरुंद असल्याने ती रेघ धारदार दिसते आणि मऊ उतार हवा असतो तिथे चूक म्हणून ओळखू येते. काठ पट्टीच्याच पातळीवर ठेवला तरी खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पट्टी दिसत नाही, कारण त्याची नजर काठावरून वर चढत जाते. म्हणून काठ मुद्दाम उंच करण्याची गरज नसते.

पायरी 3: चारही बाजूंना प्रति मीटर समान शक्ती द्या

कोव्हसाठी प्रत्येक बाजूला एक लांबट Area दिवा वापरावा. ब्लेंडरमध्ये त्याची Power ही संपूर्ण दिव्याची असते. दिवा लांब केला की तीच शक्ती जास्त लांबीवर पसरते. आपल्या खोलीत लांब बाजू 4.2 मीटर आणि आखूड बाजू 3.2 मीटरची आहे असे धरले आणि चौघींना एकच आकडा दिला, तर आखूड बाजू 31 टक्क्यांनी अधिक उजळ होतील आणि तिथलेच छत आधी पांढरे पडेल. प्रति मीटर 4 वॅट ठरवले तर लांब बाजूंना 16.8 आणि आखूड बाजूंना 12.8 द्यावे. हे वॅट प्रकाशाच्या ऊर्जेचे आहेत, दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या विजेच्या वॅटचे नव्हेत. खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा टाकला की उजेड कित्येक पटींनी वाढतो.

पायरी 4: पेंडंट दिव्याचे दोन भाग करा

पेंडंटकडून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. त्याची शेड डोळ्याला तेजस्वी दिसावी आणि त्याचा उजेड टेबलावर पडावा. दोन्ही कामे एकाच चमकत्या मटेरियलकडून करून घेऊ नयेत, कारण टेबल पुरेसे उजळेपर्यंत शेडचा नुसता पांढरा गोळा होतो. शेडला मंद Emission द्यावे, इतके की रेंडरमधील तिचे मूल्य 3 ते 5 च्या दरम्यान राहील. प्रत्यक्ष उजेडासाठी शेडच्या आत वेगळा Point दिवा ठेवावा आणि त्याच्या Ray Visibility मध्ये Camera बंद असल्याची खात्री करावी. शेड कापडाची नसून काचेची असेल, तर त्या काचेच्या वस्तूची Shadow दृश्यताही बंद करावी. एरवी आतल्या दिव्याचा उजेड काचेत अडकतो आणि जो बाहेर पडतो तो दाणेदार असतो.

शेड वरून उघडी असेल, तर छतावर उजेडाचे वर्तुळ पडते. इथे अंतराच्या वर्गाचा नियम लागतो: दिवा छताच्या 35 सेंटीमीटर खाली असण्याऐवजी 70 सेंटीमीटर खाली असेल, तर वर्तुळाच्या मध्याचा उजेड एक चतुर्थांशच उरतो. मला हे वर्तुळ काढून टाकावेसे वाटत नाही. कोव्हचा उजेड छताच्या मध्यापर्यंत पोचता पोचता क्षीण होतो आणि पेंडंटचे मवाळ वर्तुळ नेमकी तीच जागा भरून काढते. मात्र पेंडंट कोव्हच्या काठाजवळ टांगले, तर दोन्ही उजेडांची शिखरे एकाच जागी येऊन तिथे छत जळते. दिवा एखाद्या कोपऱ्यातच हवा असेल, तर वरून बंद असलेली शेड घ्यावी.

पायरी 5: थर वेगळे रेंडर करा आणि मगच मिसळा

View Layer च्या पॅनेलमधील Light Groups मध्ये Cove आणि Pendant असे दोन गट करावेत आणि प्रत्येक दिवा आपापल्या गटात टाकावा. पेंडंटची चमकणारी शेडही Pendant गटातच असावी, आणि खिडकीतून उजेड येत असेल तर त्याचा तिसरा गट करावा. कोणत्याही गटात न टाकलेला दिवा या थरांच्या बेरजेत येत नाही. बेरीज मूळ रेंडरशी जुळली नाही, तर पहिली शंका हीच घ्यावी.

रेंडर झाल्यावर कंपोझिटरमध्ये Combined_Cove आणि Combined_Pendant असे वेगळे थर मिळतात. प्रत्येकाला आधी Exposure नोड लावावा आणि मग Add पद्धतीने बेरीज करावी. प्रकाश मुळातच बेरजेने वाढतो, म्हणून ही मिसळ दिव्यांची शक्ती बदलून पुन्हा रेंडर केल्याइतकीच अचूक असते. अट एवढीच, की ती रंगरूपांतराच्या आधी, मूळ रेषीय मूल्यांवर व्हावी. जतन केलेल्या जेपीईजी चित्रांवर हे जमत नाही. या थरांवर नॉइज काढण्याची क्रिया आपोआप होत नाही, तेव्हा बेरजेनंतर Denoise नोड जोडावा.

मिसळताना आधी Cove थर पूर्ण बंद करून फक्त पेंडंटवर टेबल आणि सोफा नीट दिसेल असे एक्स्पोजर ठरवावे, आणि मग कोव्हचा थर हळूहळू वर आणावा. उलट क्रमाने गेल्यास डोळा उजळ छताला सरावतो आणि पेंडंट निस्तेज वाटू लागतात.

पायरी 6: डोळ्यावर न विसंबता मोजा

AgX हे रंगरूपांतर तेजस्वी भाग अचानक कापत नाही, तर हळूहळू सपाट आणि फिकट करते. म्हणून छत जळल्याचे लगेच कळत नाही; ते खडूसारखे दिसू लागते एवढेच. Image Editor मधील Sample साधनाने छतावरची रेषीय मूल्ये वाचावीत. मध्यम करडा 0.18 धरला, तर छताचा मधला भाग 0.35 ते 0.5 आणि कोव्हची कड 1.0 च्या आत असावी, असे माझे मत आहे. कड 1.0 वर असताना ती करड्यापेक्षा सुमारे अडीच स्टॉप वर असते, आणि 4 मूल्याची शेड साडेचार स्टॉप. त्यामुळे खोलीतील सर्वांत तेजस्वी वस्तू पेंडंटच राहतो, छत नव्हे.

समजा, पट्टी 10 सेंटीमीटरवर असताना कड 6 वाचली. पट्टी 20 सेंटीमीटरवर नेल्यावर ती 3 च्या आसपास येईल आणि कलवल्यावर सुमारे 2.6 होईल. आता Cove थराच्या Exposure नोडमध्ये -1.5 दिले, की कड 0.9 च्या जवळ बसते. कोव्हकडून खोलीला मिळणारा भरणाही तेवढाच कमी होतो. कोपरे फार काळे वाटले, तर कोव्ह पुन्हा न वाढवता Pendant थराला अर्धा स्टॉप द्यावा आणि शेडचे मूल्य पुन्हा वाचावे, कारण शेड त्याच थरात असल्याने 4 चे 5.7 झालेले असेल. अशा वेळी शेडचे Emission तेवढ्या प्रमाणात उतरवून तो एक रेंडर पुन्हा काढावा लागतो.

शेवटी View Transform मध्ये False Color निवडून छताकडे पाहावे. कडेपासून मध्यापर्यंत रंगांचे पट्टे एकामागून एक उतरत गेले पाहिजेत. कडेला एकाच रंगाचा रुंद, सपाट पट्टा दिसला, तर तिथला उतार अजून हरवलेला आहे आणि दुसऱ्या पायरीकडे परत जावे लागेल.