‘काद’ आणि ‘शरअ’ : नव्याने नह्व शिकणाऱ्यांसाठी

अरबी नह्वच्या वर्गात ‘कान’ आणि तिच्या बहिणी संपल्या की लगेच एक छोटा पाठ येतो : जवळ येण्याची, आशेची आणि सुरुवातीची क्रियापदं. पाठ छोटा असल्यामुळे बहुतेक जण तीन याद्या पाठ करतात आणि पुढे सरकतात. पहिल्या यादीत काद, करब, औशक. दुसऱ्या यादीत मुख्यतः असा. तिसऱ्यात शरअ, तफिक, अखज, जअल असे बरेच. (देवनागरीत लिहिताना मी शेवटचा ‘अ’ तसाच ठेवला आहे. तो मराठीसारखा गिळायचा नाही, ऱ्हस्व पण स्पष्ट म्हणायचा.) परीक्षेत याद्यांवर गुण मिळतात, पण वाचताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वाचताना अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. वाक्य भूतकाळातलं असतं, मग मध्येच वर्तमानाचं क्रियापद, म्हणजे मुदारिअ, कुठून आलं?

आमचे उस्ताद फळ्यावर एकच वाक्य लिहायचे : ‘काद अत्-तिफ्लु यस्कुतु’. मूल पडता पडता राहिलं. मग विचारायचे, “मूल पडलं का?” वर्ग म्हणायचा, नाही. “मग ‘सकत’ कसं लिहाल? ‘सकत’ म्हणजे पडलं, काम संपलं.” या पाठातलं सगळं उत्तर त्या प्रश्नातच आहे. ‘काद’ सांगतं की काम अगदी तोंडाशी आलं होतं. म्हणजे ते घडलेलं नाही. अरबीत ‘मादी’ हे रूप झालेल्या कामाचं, तर मुदारिअ न संपलेल्या कामाचं. ‘काद’च्या पुढे मादी ठेवलं तर वाक्याचा एक भाग म्हणेल जवळ आलं होतं, आणि दुसरा म्हणेल होऊन गेलं. म्हणून मुदारिअच.

मराठी माध्यमातून आलेल्यांचा घोटाळा होतो तो ‘वर्तमान’ या शब्दामुळे. मुदारिअला वर्तमानकाळ म्हणून पाठ केलं की ‘यस्कुतु’चा अर्थ ‘पडतो’ असाच डोक्यात बसतो, आणि भूतकाळातल्या वाक्यात तो खटकतो. इथे काळ सांगण्याचं काम पहिल्या क्रियापदाकडे असतं. ‘काद’ म्हटलं की प्रसंग मागचा, ‘यकादु’ म्हटलं की आत्ताचा. दुसरं क्रियापद फक्त एवढंच सांगतं की काम पुरं झालेलं नाही. कुराणात बकरा सूरेच्या २०व्या आयतीत ‘यकादुल-बर्कु यख्तफु अब्सारहुम’ असं आहे : वीज जणू त्यांची दृष्टी हिरावून नेते. इथे दोन्ही क्रियापदं मुदारिअ आहेत, पण काळ ‘यकादु’ ठरवतं. त्या जागी ‘काद’ असतं तरी ‘यख्तफु’ तसंच राहिलं असतं.

आता एराब. ‘काद’ हे ‘कान’सारखं चालतं : ‘अत्-तिफ्लु’ त्याचं इस्म, म्हणून मरफूअ, ‘यस्कुतु’ आणि त्यात दडलेला ‘तो’ मिळून एक क्रियावाक्य होतं, आणि ते अख्खं वाक्य ‘काद’ची खबर. खबर मन्सूब असायला हवी, पण वाक्याला शेवटचा स्वर कुठून लावणार? म्हणून ‘मन्सूबच्या जागी’ असं म्हणतात. इथे हुशार विद्यार्थी विचारतोच की ‘कान’ची खबर साधं नाम असू शकते, मग ‘काद अत्-तिफ्लु साकितन’ का नाही? कारण नाम स्थिर अवस्था दाखवतं, हालचाल नाही. ‘जवळ येणं’ जोडायला घडू पाहणारी कृतीच लागते. इब्न मालिकने (मृत्यू १२७४) आपल्या अल्फियात ‘काद’ आणि ‘असा’ ‘कान’सारखेच आहेत, पण मुदारिअ सोडून दुसरी खबर त्यांना दुर्मिळ, असं सांगितलं आहे. दुर्मिळ म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. इस्लामपूर्व कवी तअब्बत शर्रन याच्या एका ओळीत ‘वमा किद्तु आइबन’ येतं : परतलोच नसतो. तिथे नाम आहे, आणि ते उघडपणे मन्सूब आहे. खबरेची जागा मन्सूबचीच, हे दाखवायला वैयाकरण हीच ओळ पुढे करतात. आपण लिहिताना मात्र तसं लिहायचं नाही.

‘शरअ’च्या गटालाही तेच कारण वेगळ्या बाजूने लागू पडतं. ‘शरअ अत्-तुल्लाबु यक्तुबून’ : विद्यार्थी लिहू लागले. काम सुरू झालंय, संपलेलं नाही, म्हणून मुदारिअ. या वाक्यात आणखी एक गोष्ट बघून घ्या. कर्ता अनेकवचनी असूनही ‘शरअ’ एकवचनी आहे, कारण कर्ता त्याच्यानंतर आलाय. ‘यक्तुबून’ मात्र कर्त्याच्या नंतर येतं, म्हणून अनेकवचनी. खबरेतल्या क्रियापदाने इस्माकडे बोट दाखवलंच पाहिजे. तिथे ‘यक्तुबु’ लिहिलं की उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ठरलेली.

मग ‘अन’चा प्रश्न येतो, आणि मला वाटतं या पाठातला सगळ्यात सुंदर भाग हाच. ‘अन’ मुदारिअला भविष्याकडे ओढतं. ‘शरअ’ म्हणतं काम आत्ता हातात आहे, आणि एकच काम आत्ता आणि पुढे कधीतरी असं दोन्हीकडे असू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या क्रियापदांनंतर ‘अन’ निषिद्ध. ‘काद’मध्ये काम इतकं जवळ आलेलं असतं की ‘अन’ बहुधा नको वाटतं. आलंच तर चालतं, पण क्वचित. ‘असा’ आशेचं, आणि आशा पुढच्याचीच, त्यामुळे तिथे ‘अन’ बहुतेक वेळा येतंच. औशकच्या बाबतीतही वापर ‘अन’च्याच बाजूने आहे : ‘औशक अत्-तुल्लाबु अन यसिलू’, विद्यार्थी पोहोचण्याच्या बेतात होते. इथे ‘यसिलून’मधला नून गळाला, कारण ‘अन’ने क्रियापद मन्सूब केलं. ‘यक्तुबून’ आणि ‘यसिलू’ शेजारी शेजारी लिहून पाहा. नून आहे की गेला, यावरूनच ‘अन’चा कारभार दिसतो.

खऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त फसवतात ते ‘अखज’ आणि ‘जअल’. एरवी ‘अखज’ म्हणजे घेतलं, ‘जअल’ म्हणजे केलं किंवा ठेवलं. ‘अखज अल्-वलदु अल्-किताब’ म्हणजे मुलाने पुस्तक घेतलं. ‘अखज अल्-वलदु यक्रउ’ म्हणजे मुलगा वाचू लागला. शब्दकोश उघडण्याआधी कर्त्याच्या पुढे काय आहे ते पाहायचं. नाम असेल तर नेहमीचा अर्थ. थेट मुदारिअ असेल तर आधी ‘-ऊ लागणे’ लावून बघायचं. ‘शरअ फिल-किताबति’ दिसलं तर तो या पाठातला ‘शरअ’च नव्हे. तिथे ‘फी’ आणि धातुनाम आहे, खबर नाही, म्हणून एराबही साध्या क्रियापदाचा करायचा.

वर्तमानपत्रं आणि कथा वाचायला लागाल तेव्हा एक रचना सतत भेटेल : ‘मा काद अल्-मुअल्लिमु यद्खुलु हत्ता वकफ अत्-तुल्लाबु’. शब्दाला शब्द लावलात तर ‘शिक्षक आत येण्याच्या जवळही नव्हते’ असं काहीतरी हाती लागेल. खरा अर्थ : शिक्षक आत येतात न येतात तोच विद्यार्थी उभे राहिले. इथेही ‘यद्खुलु’ मुदारिअच, आणि ‘हत्ता’नंतरचं ‘वकफ’ मादी, कारण उभं राहणं होऊन गेलंय. मराठीतलं ‘येतात न येतात तोच’ इतकं नेमकं बसतं की उर्दूतून अरबीकडे आलेल्या वर्गमित्रांपेक्षा आम्हाला ही रचना लवकर उमगली. पाठातल्या बाकी सगळ्या गोष्टींत मात्र तेच आमच्या पुढे असायचे.