भाड्याचा फ्रिज परत करताना खिसा का कापला जातो: या चुका टाळा

वाळूजला कंपनीत लागलेली पोरं बजाजनगरात खोली घेतात आणि पहिल्याच आठवड्यात पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन महिन्याच्या भाड्यावर आणतात. लातूरच्या ट्युशन एरियात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आईवडील तेच करतात. सामान घरात येईपर्यंत सगळं गोड असतं. भांडण होतं ते सामान परत जाताना, आणि त्याचं मूळ जवळजवळ दर वेळी करारातल्या दोनच कलमांत सापडतं. एक मुदतीचं, दुसरं नुकसानीचं. दोन्ही सही करताना वाचली जात नाहीत, कारण तेव्हा डोळे महिन्याच्या आकड्यावर असतात.

पहिली चूक: सगळ्यात कमी भाडं बघून मुदत निवडणं

मुदत जितकी लांब, तितकं महिन्याचं भाडं कमी, ही या धंद्याची रीत. एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, जीएसटी बाजूला ठेवला आहे. पलंग-गादी, एका दाराचा फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांचं मिळून भाडं 3 महिन्यांच्या मुदतीला महिना 2,100, 6 महिन्यांना 1,700 आणि 12 महिन्यांना 1,350 रुपये. पोरगं साहजिकच 12 महिन्यांची मुदत घेतं. पाचवा महिना संपता संपता पुण्याला बदली होते.

आता किती भरावं लागेल? ते भाड्यावर नाही, मुदतीआधी सोडण्याच्या नियमावर ठरतं, आणि हा नियम जागोजागी वेगळा असतो. साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा: जितके महिने खरंच राहिलात, त्या मुदतीचा दर लावून फरक वसूल करायचा. पाच महिने म्हणजे 6 महिन्यांचा टप्पा पूर्ण झाला नाही, म्हणून 3 महिन्यांचा दर लागतो. फरक महिना 750, पाच महिन्यांचे 3,750. आधी भरलेले 6,750 मिळवून एकूण 10,500. दुसरी तऱ्हा: ठरावीक दंड, समजा दोन महिन्यांचं भाडं. 6,750 अधिक 2,700, म्हणजे 9,450. तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट: उरलेल्या सातही महिन्यांचं भाडं द्या. एकूण 16,200, आणि फ्रिज मात्र त्यांच्या गोदामात.

म्हणजे तेच सामान, तोच दर, तेच पाच महिने, आणि फरक 6,750 रुपयांचा. ‘बदलीची शक्यता असेल तर लहान मुदत घ्या’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. पहिल्या दोन तऱ्हांत लांब मुदत घेऊनही फार बिघडत नाही, कारण 6 महिन्यांची मुदत घेऊन ती पूर्ण केली असती तरी 10,200 गेलेच असते. तिसऱ्या तऱ्हेचं कलम असेल तर मात्र लांब मुदतीच्या वाटेला जाऊच नका.

पहिल्या तऱ्हेत आणखी एक गंमत आहे. सामान पाचव्या महिन्याला न सोडता सहावा महिना पूर्ण केला तर 6 महिन्यांचा दर लागतो. भरलेले 8,100 आणि फरकाचे 2,100, एकूण 10,200. एक महिना जास्त ठेवून 300 रुपये कमी! टप्पा पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर सोडण्याची विनंती टाकण्याआधी हा हिशोब कागदावर करा. आणि मुदत कधीपासून मोजतात तेही बघा. ती बहुधा सामान घरी पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, पैसे भरल्याच्या नाही.

बदली झाली म्हणून सामान सोबत नेता येईल, असंही काही जण धरून चालतात. शहरातल्या शहरात घर बदललं तर सामान हलवून देणारे आहेत, पण गाव बदललं की बहुतेक करार तिथंच संपतो, आणि वर मुदतीआधी सोडल्याचा दंड लागतो. त्यापेक्षा खोलीत मागं राहणाऱ्या मित्राच्या नावावर करार चढवता येतो का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी येतो. फक्त डिपॉझिट कुणाचं, आणि आजवरच्या ओरखड्यांचा जबाबदार कोण, हे लिहून घ्या. नाहीतर दोस्ती जाते.

दुसरी चूक: ‘देखभाल मोफत’ म्हणजे सगळंच मोफत, असं समजणं

भाड्यात सहसा सामान आणणं, जोडणं आणि आपोआप आलेला बिघाड दुरुस्त करणं येतं. वापरणाऱ्याच्या हातून झालेलं नुकसान येत नाही. आपल्या भागात या दोहोंमधली रेघ पाणी, वीज आणि उन्हाळा ही तिघं मिळून पुसून टाकतात.

वॉशिंग मशीनचं बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. पाइप मशीनला जिथं जोडतात तिथं आत एक बारीक जाळी असते. तिच्यावर पांढरे क्षार आणि रेती बसते. मग मशीन पाणी भरायला फार वेळ घेतं आणि शेवटी थांबतं. एलजीच्या मशीनवर `IE`, सॅमसंगवर `4C` किंवा `4E` असं दिसतं. या खुणेचा अर्थ ‘पाणी पुरेसं आत येत नाही’ एवढाच, मशीन बिघडलं असा नाही. लोक तक्रार टाकतात, माणूस येतो, दोन मिनिटांत जाळी धुतो आणि ‘मशीनमध्ये दोष नाही’ असा शेरा मारून जातो. काही करारांत अशा फेरीचे पैसे लागतात.

ते वाचवायचे तर आधी स्वतः बघा. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, पाइपाचा आटा सोडवा, पकडीनं जाळी हळूच ओढून काढा, लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. जाळी स्वच्छ असूनही पाणी सावकाश येत असेल, तर दोष दाबाचा. गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर हे हमखास होतं. बादली नळाखाली धरून बघा, धार करंगळीएवढीच असेल तर कंपनीवाल्याला बोलावून काही उपयोग नाही, घरमालकाला बोलवा.

फ्रिजचं दुखणं वेगळं. वैशाखात दार सारखं उघडलं जातं आणि साध्या, एका दाराच्या फ्रिजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढतो. मग कुणीतरी सुरी घेतं. त्या बर्फामागचा पत्रा पातळ असतो आणि त्यातच गॅसची नळी असते; सुरीचं टोक लागलं की ‘फस्स’ असा आवाज येतो आणि फ्रिज गार होणं बंद. हे नुकसान कोणत्याच भाड्यात बसत नाही, आणि तपासणाऱ्याला भोक लगेच दिसतं. बर्फ अर्धा इंच झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा, खाली फडकं ठेवा आणि वाट बघा. एवढंच.

विजेच्या चढउतारानं कॉम्प्रेसर गेला तर वाद खराखुरा असतो. कंपनी म्हणते वीज तुमच्या घरची, तुम्ही म्हणता यंत्र तुमचं. कलमात ‘विजेच्या दाबामुळे झालेलं नुकसान वगळून’ असे शब्द असतील तर स्टॅबिलायझर भाड्यात मिळतो का ते आधीच विचारा, नसेल तर स्वतःचा लावा. लाईट आल्यावर दोनतीन मिनिटं थांबून चालू करणारा असेल तर बरा. त्याची पावती जपून ठेवा, वादात ती कामी येते.

पलंगाचं लाकूड बहुतेक वेळा भुशाचं दाबून केलेलं असतं. कूलरची टाकी भरताना सांडलेलं पाणी त्याच्या पायाला लागलं की तळ फुगतो, आणि तो फुगा पुन्हा बसत नाही. कूलर पलंगापासून लांब ठेवा. गादीवर डाग पडला तर काही ठिकाणी पूर्ण गादीची किंमत लावतात. पाणी न शिरणारी खोळ त्या मानानं फुकटात पडते.

महिन्याला थोडे जास्त देऊन ‘नुकसान माफी’ घ्या, असंही सुचवतात. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: माफी किती रुपयांपर्यंत, चोरी आणि हरवलेले भाग त्यात येतात का (बहुधा नाही), आणि नुकसान नव्या वस्तूच्या किमतीवर मोजणार की वापरलेल्या वस्तूच्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्याकडं आलेला फ्रिज आधीच दोन घरं फिरून आलेला असू शकतो.

तिसरी चूक: आलेलं सामान न बघता सही करणं

म्हणूनच टेम्पो दारात उभा असतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढा. फ्रिजच्या दाराचं रबर, आतल्या काचा आणि कप्पे, मशीनचं झाकण, पलंगाचे कोपरे, गादीच्या दोन्ही बाजू, आणि मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक. जे ओरखडे दिसतील ते चलनावरच लिहायला लावा. माणूस घाईत असतो. ‘साहेब, ते काही नाही, चालतं’ म्हणतो. चालत असेल तर लिहायलाही हरकत नसावी. स्थानिक दुकानदाराशी तोंडी व्यवहार असेल तर भाडं, डिपॉझिट, मुदत आणि आधी सोडल्यास काय, या चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्याकडून ‘बरोबर’ एवढं उत्तर मिळवा.

परत देताना

सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची ते करारात असतं. ती उशिरा दिली तर भाडं चालूच राहतं. विनंती टाकलेली तारीख, तिचा स्क्रीनशॉट आणि सामान उचलल्याची पावती जपा. टेम्पो त्यांच्याकडून उशिरा आला तर त्या दिवसांचं भाडं नाकारायला हाच पुरावा. उचलताना पुन्हा तसाच व्हिडिओ काढा. पावतीवर वस्तूंच्या अवस्थेची जागा कोरी असेल तर सही करू नका, कारण गोदामात पोचल्यावर ती कोण कशी भरेल याचा नेम नाही. आणि बँकेतून आपोआप भाडं कापण्याची परवानगी शेवटचं बिल मिटेपर्यंत बंद करू नका. रागानं आधीच बंद केली तर उशिराचा दंड चढतो आणि तुमची बाजू उगाच कमजोर होते.

नुकसानीचं बिल आलं तर फोनवर हुज्जत न घालता ईमेल करा: कोणत्या वस्तूचा कोणता भाग, त्याचे फोटो, आणि रक्कम कशी काढली. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्येही अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानानं फार मोठा दंड हे अन्याय्य करारात मोजले आहेत. ईमेलला उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दोन्ही व्हिडिओ, चलन व ईमेल तिथं जोडा.