मधुमेह नसताना ‘शुगर लो’ होते? या चुका टाळा

नाश्त्यानंतर दोन-तीन तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, काहीतरी गोड खाल्लं की पंधरा मिनिटांत बरं वाटतं. एवढ्यावरून ‘माझी शुगर लो होते’ असं ठरवून टाकणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सर्रास होणारी चूक. भूक, काळजी, जास्त चहा-कॉफी, वाढलेला थायरॉइड, हृदयाच्या ठोक्यांतली गडबड यांतही अगदी असंच होतं. आणि गोड खाऊन बरं वाटणं हा एकटा पुरावा पुरत नाही.

डॉक्टर तीन गोष्टी एकत्र शोधतात: त्रासाची लक्षणं, त्याच वेळी प्रयोगशाळेत मोजलेली कमी साखर (मधुमेह नसलेल्यांत साधारण 55 मिलिग्रॅमच्या खाली), आणि साखर वर आल्यावर लक्षणं जाणं. या तिघांना ‘व्हिपलचं त्रिकूट’ म्हणतात. एक जरी निसटली तरी पुढच्या महागड्या तपासण्यांना अर्थ राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, बँकेत काम करणारी 38 वर्षांची बाई. सोमवारचा उपवास, नऊ वाजता साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा. साडेअकराला हातपाय गळाले. तिने आधी पेढा खाल्ला, मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं ग्लुकोमीटर मागितलं. आकडा आला 92. यातून काय कळलं? काहीच नाही, कारण पेढा पोटात जाऊन वेळ झाला होता. शिवाय बोटाला पेढ्याचा अंश राहिला असेल तर आकडा खोटा वाढतो. पुढच्या वेळी तिने हात धुऊन आधी मोजलं: 62. घाबरली. पण घरगुती यंत्राला या पातळीवर 15 मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतं असं मानक आहे. म्हणजे खरा आकडा 47 असू शकतो, तसा 77 ही असू शकतो. म्हणून त्रास चालू असतानाच जवळच्या लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं, राखाडी झाकणाच्या नळीत. तिथे 74. म्हणजे लक्षणं खरी, पण ती कमी साखरेची नव्हेत.

त्या नळीबद्दल थोडं: तिच्यात रक्तातली साखर टिकवणारं द्रव्य असतं. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर रक्तपेशीच त्यातली साखर खात राहतात आणि रिपोर्ट खोटा ‘लो’ येतो. नमुन्यातल्या रक्तपेशी लगेच वेगळ्या केल्या का, हे विचारायला लाजू नका.

मात्र बडबड असंबद्ध होत असेल, नजर धूसर झाली असेल, तर मोजमापासाठी थांबू नका. शुद्धीवर आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी चूक म्हणजे ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीवर (जीटीटी) निदान. 75 ग्रॅम ग्लुकोज रिकाम्या पोटी प्यायल्यावर कितीतरी निरोगी माणसांची साखरही तीन-चार तासांनी खूप खाली जाते. जेवणानंतरच्या त्रासासाठी मिश्र जेवण देऊन, पाच तासांपर्यंत रक्त तपासत लक्षणं नोंदवतात. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांत हा प्रकार खरोखर आढळतो. अन्न लहान आतड्यात धाडकन उतरतं, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर कोसळते. तेही शस्त्रक्रियेनंतर बहुधा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा, त्यामुळे जुन्या ऑपरेशनशी कुणी त्याचा संबंधच लावत नाही.

तिसरी चूक: त्रास झाला की दर वेळी साखर किंवा बिस्किटं. ती लगेच चढतात, इन्शुलिन पुन्हा उसळतं आणि दोन तासांनी परत तेच. आमच्या त्या बाईला उपवासाच्या दिवशी खिचडी थोडी कमी, सोबत दही आणि मूठभर जादा दाणे, चहात साखर कमी, एवढाच बदल सांगता येईल. साखर कमी नसली तरी यानं तिची ती थरथर पुष्कळदा कमी होते.

पण त्रास जेवणानंतर नव्हे, तर पहाटे, दोन जेवणांमध्ये खूप अंतर पडल्यावर किंवा मेहनतीनंतर होत असेल, तर आहार बदलत बसू नका. त्यात इन्शुलिन बनवणारी स्वादुपिंडातली गाठ असू शकते. रुग्णाला दाखल करून 72 तासांपर्यंत उपाशी ठेवतात. साखर घसरली की त्याच रक्तात इन्शुलिन, शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारं सी-पेप्टाइड, कीटोन्स आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा अंश पाहतात. साखर खाली असूनही इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड चढेच राहिले, तर इन्शुलिन शरीरच बनवतंय. सी-पेप्टाइड कमी आणि इन्शुलिन जास्त, तर ते बहुधा बाहेरून टोचलेलं असतं.

गोळ्यांचा अंश का पाहायचा? सासूबाईंची मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि आपली थायरॉइडची गोळी एकाच डब्यात असली की गल्लत होऊ शकते. ग्लिमेपिराइड शरीराकडूनच इन्शुलिन सोडवून घेते, त्यामुळे रिपोर्ट गाठीसारखाच दिसतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, नसांसाठी घेत असलेल्या अल्फा लायपोइक अ‍ॅसिडसकट. तेही क्वचित इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून साखर पाडतं. रिकाम्या पोटी दारू घेतली असेल तर तेही लपवू नका.