पोस्टफिक्समधली वजाबाकी उलटी येते? पॉपच्या क्रमातल्या या चुका टाळा

`8 3 -` हे पोस्टफिक्स एक्स्प्रेशन सोडवायला दिलं आणि उत्तर 5 ऐवजी -5 आलं, तर बहुतेक वेळा स्टॅक नीट चालत असतो आणि टोकनही बरोबर वाचलेले असतात. स्टॅकमधून दोन संख्या काढताना डावी कोणती आणि उजवी कोणती, एवढीच अदलाबदल झालेली असते. दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे. अडचण अशी की ही चूक बेरीज-गुणाकारात दिसत नाही, काही वजाबाक्यांतही लपते, आणि एका नेहमीच्या उदाहरणात तर ती हुबेहूब दुसऱ्याच चुकीसारखी दिसते. मग तासन्‌तास शोध चालतो तो भलत्याच फंक्शनमध्ये.

## माथ्यावर असते ती उजवी

इन्फिक्समधलं `8 - 3` पोस्टफिक्समध्ये `8 3 -` होतं. जागा बदलते ती फक्त ऑपरेटरची. संख्यांचा आपसातला क्रम तसाच राहतो. डावीकडून वाचत जाताना आधी 8 पुश होतो, मग त्याच्यावर 3 बसतो. `-` आला की पहिल्या पॉपमध्ये हाती येतो 3, कारण तो शेवटी ठेवला होता. म्हणजे पहिला पॉप उजव्या ऑपरेंडचा, दुसरा डाव्याचा.

वहीत स्टॅक उभा काढला की 3 वर आणि 8 खाली दिसतो. वरून खाली वाचायची सवय असल्याने "तीन वजा आठ" असं सहज तोंडी येतं. त्यापेक्षा स्टॅक आडवा काढा, माथा उजव्या हाताला ठेवा. आता तो `8 3` असाच दिसेल, आणि त्या दोघांच्या मध्ये ऑपरेटर लिहिला की हवी ती वजाबाकी समोर येते.

कोडमध्ये हेच असं लिहायचं:

```c
int right = pop();
int left  = pop();
push(left - right);
```

व्हेरिएबलना `a` आणि `b` म्हणण्याऐवजी `left` आणि `right` म्हणायला मी मुद्दाम सांगेन. `a = pop(); b = pop(); push(a - b);` हे वाचताना डोळ्यांना खटकत नाही, कारण a आधी आणि b नंतर यायचीच आपल्याला सवय आहे. `left = pop()` ही पहिली ओळ मात्र लिहितानाच हात थांबतो.

## `pop() - pop()` एका ओळीत लिहू नका

ओळी वाचवण्यासाठी बरेच जण थेट `push(pop() - pop())` लिहितात. जावा आणि पायथनमध्ये वजा चिन्हाच्या डावीकडचा भाग आधी चालतो, हे भाषेनेच ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे डावीकडचा `pop()` 3 घेतो, उजवीकडचा 8 घेतो आणि उत्तर दरवेळी -5 येतं. उत्तर चुकतं, पण दरवेळी तसंच चुकतं, म्हणून सापडतं तरी.

सी आणि सी++ मध्ये प्रकरण जास्त वाईट आहे. तिथे या दोन `pop()` पैकी कोणता आधी चालेल हे भाषा सांगतच नाही. ते कंपायलरवर सोडलेलं आहे. सी++17 ने काही ऑपरेटरांसाठी क्रम पक्का केला, पण त्यात वजाबाकी नाही. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर 5 देणारा प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये -5 देऊ शकतो, किंवा ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलला की उत्तर बदलू शकतं. "माझ्याकडे चालतं" हे इथे खरंही असेल, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन पॉप दोन वेगळ्या ओळींत लिहिले की क्रम पक्का होतो, कारण पहिलं विधान संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही.

## उत्तर 6 आलं म्हणून कन्व्हर्टर बदलू नका

मला या विषयातली सर्वांत फसवी जागा हीच वाटते. समजा तुमचा प्रोग्रॅम इन्फिक्स घेतो, त्याचं पोस्टफिक्स करतो आणि मग ते सोडवतो. तुम्ही `9 - 5 - 2` दिलं. बरोबर उत्तर 2. प्रोग्रॅम म्हणतो 6.

6 दिसताच जाणकार माणसाच्या डोक्यात लगेच येतं: हे तर `9 - (5 - 2)` चं उत्तर! म्हणजे वजाबाकीचे गट डावीकडून पडायला हवेत ते उजवीकडून पडताहेत, म्हणजेच असोसिएटिव्हिटी चुकली. मग तो कन्व्हर्टरमध्ये शिरतो आणि समान प्राधान्याच्या ऑपरेटरची तुलना `>` आहे की `>=` हे तपासत बसतो.

प्रत्यक्षात कन्व्हर्टरने `9 5 - 2 -` असं बरोबर पोस्टफिक्स दिलेलं असतं. पुढे ऑपरेंड उलटे काढणाऱ्या कोडमध्ये काय होतं ते पाहा. 9 आणि 5 पुश झाले. पहिल्या `-` ला `5 - 9` झालं, स्टॅकवर -4 राहिला. त्यावर 2 आला. दुसऱ्या `-` ला पहिल्या पॉपमध्ये 2, दुसऱ्यात -4, आणि `2 - (-4)` म्हणजे 6.

हा 9, 5, 2 या आकड्यांचा योगायोग नाही. कोणत्याही तीन संख्या घ्या. उलट्या पॉपने `a - b - c` चं होतं `c - (b - a)`, म्हणजे `c - b + a`. आणि उजवीकडून गट केलेलं `a - (b - c)` म्हणजे `a - b + c`. दोन्ही एकच. त्यामुळे सलग दोन वजाबाक्यांच्या उदाहरणात या दोन चुका नुसत्या उत्तरावरून ओळखताच येत नाहीत, आकडे कितीही बदलले तरी.

या समजुतीने कोणी कन्व्हर्टरच "दुरुस्त" केला आणि वजाबाकी उजवीकडून जोडणारी केली, तर पोस्टफिक्स `9 5 2 - -` होतं. आता उलटे पॉप `2 - 5` म्हणजे -3 काढतात, मग `-3 - 9` म्हणजे -12. कन्व्हर्टर बदलल्यावर 6 चं -12 झालं, तर बदल लगेच मागे घ्या. चूक तिथे नव्हती.

दोन्ही चुका वेगळ्या ओळखायचा मार्ग सोपा आहे: एकच ऑपरेटर असलेलं एक्स्प्रेशन द्या. `8 - 3` मध्ये गट पाडायला काहीच नाही, त्यामुळे तिथे असोसिएटिव्हिटीचा प्रश्नच येत नाही. -5 आलं तर पॉपचा क्रम उलटा. 5 आलं आणि `9 - 5 - 2` ला तरीही 6 येत असेल, तर मग कन्व्हर्टर पाहा. मधलं पोस्टफिक्स स्क्रीनवर छापून घेतलं तर आणखी बरं. `9 5 - 2 -` दिसलं की कन्व्हर्टर निर्दोष.

## चूक लपवणारी उदाहरणं

चाचणीसाठी `2 3 + 4 *` घेतलं तर 20 येणारच, कारण बेरीज आणि गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेलं उदाहरण `(7 - 4) * (6 - 1)` हे आहे. पोस्टफिक्स `7 4 - 6 1 - *`, बरोबर उत्तर 15. उलट्या पॉपने आतल्या दोन वजाबाक्या -3 आणि -5 देतात, आणि त्यांचा गुणाकार पुन्हा 15. दोन वजाबाक्या, दोन्ही चुकलेल्या, उत्तर बरोबर. कंसांमुळे हे उदाहरण कठीण चाचणीसारखं वाटतं, म्हणूनच त्यावर विसंबून राहू नका.

घातांकाची चाचणी `2 4 ^` ने घेऊ नका, कारण 2 चा चौथा घात आणि 4 चा वर्ग दोन्ही 16. `2 3 ^` घ्या: बरोबर असेल तर 8, उलटं असेल तर 9.

एकच चाचणी कशी पुरत नाही, याचं एक उलट उदाहरणही आहे. सीमध्ये अंक अक्षर म्हणून वाचून `'0'` वजा करायला विसरलात, तर स्टॅकवर 8 ऐवजी 56 आणि 3 ऐवजी 51 जातो. तरी `8 3 -` चं उत्तर 5 च येतं! ही चूक बेरीज उघड करते: `8 3 +` ला 107 येतं. म्हणून दोन्ही चालवा.

## चिन्ह बदलून भागत नाही

-5 चं 5 करायला काही जण `abs()` लावतात. मग `3 8 -` ला, जिथे -5 च हवं, तिथे 5 येतं. काही जण वजाबाकीच्या निकालापुढे आणखी एक वजा लावतात. वजाबाकीपुरतं ते गणिताने बरोबर ठरतं, पण भागाकार तसाच उलटा राहतो. `8 2 /` मध्ये पूर्णांकांचा भागाकार `2 / 8` होऊन 0 मिळतो, आणि तो 0 पुढच्या गुणाकारात शिरला की सगळं उत्तर 0. `0 5 /` ला तर `5 / 0` होऊन प्रोग्रॅम बंद पडू शकतो. बाकी काढणारा `%` आणि घातांक यांचंही तेच. त्यामुळे दोन्ही पॉप `switch` च्या आधी एकदाच करा आणि सगळ्या केसमध्ये तेच `left`, `right` वापरा. प्रत्येक केसमध्ये वेगळे पॉप लिहिले की वजाबाकी सुधारते आणि भागाकार मागे राहतो.

## प्रीफिक्सचं कोड उचलताना

हे उलटे पॉप बऱ्याचदा प्रीफिक्सच्या प्रोग्रॅममधून आलेले असतात. `- 8 3` हे प्रीफिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून आधी 3 पुश होतो आणि 8 माथ्यावर येतो. तिथे पहिला पॉप डाव्या ऑपरेंडचाच असतो आणि `left = pop()` आधी लिहिणं बरोबर असतं. तेच फंक्शन पोस्टफिक्ससाठी चिकटवून फक्त लूपची दिशा बदलली, तर वजाबाकी उलटलीच म्हणून समजा. दिशा बदलली की या दोन ओळींचा क्रमही बदलायचा.

## उत्तर पडताळायचं कसं

लिनक्स किंवा मॅकवर `dc` हा कॅल्क्युलेटर असेल तर हिशेब हाताने करायची गरज नाही. तो मुळात पोस्टफिक्सच घेतो:

```sh
echo '8 3 - p' | dc       # 5
echo '9 5 - 2 - p' | dc   # 2
echo '2 3 ^ p' | dc       # 8
```

ऋण संख्या देताना `dc` मध्ये -5 ऐवजी `_5` लिहावं लागतं, कारण `-` तिथे फक्त वजाबाकीसाठी आहे.

जावा शिकणाऱ्यांना आणखी एक पुरावा घरातच मिळतो, कारण जावाचं व्हर्च्युअल मशीन स्वतः स्टॅकवर चालतं. `return a - b;` एवढंच असलेली, दोन `int` घेणारी स्टॅटिक मेथड कंपाइल करा आणि `javap -c` चालवा:

```
iload_0
iload_1
isub
ireturn
```

आधी `a` पुश होतो, मग `b`. `isub` माथ्यावरची संख्या तिच्या खालच्या संख्येतून वजा करतं. तुमच्या `-` च्या केसनेही नेमकं हेच करायचं आहे.